‘आणि’ घातलं की कारण गायब

“उभयान्वयी अव्यय नसेल तर दोन वाक्यांचा संबंध लागत नाही, असं शाळेत शिकलो. खरं ना?”

नाही. ठाण्यातली मैत्रीण सांगते, ‘आज लेट मार्क लागला. कळव्याला लोकल अडकली.’ मधे ‘कारण’ नाही, तरी आधी लोकल अडकली आणि त्यामुळे उशीर झाला, हे आपण रोजच्या अनुभवावरून ताडतो. आता जोडून बघा: ‘लेट मार्क लागला आणि कळव्याला लोकल अडकली.’ कारण गेलं! दोन वेगळ्या कटकटी उरल्या. दुसरी बहुधा घरी परततानाची. म्हणजे जोडणारा शब्द एखादा अर्थ बंदही करतो. ‘पण’ आणखी निराळा: ‘लोकल अडकली, पण लेट मार्क लागला नाही’ यात मोडलेली अपेक्षा दिसते. लोकल ठाऊक नसलेल्या पाहुण्याला मात्र ‘कारण’ म्हणून सांगावं लागेल.