ब्रोकरेजच्या पहिल्या नोटचा साचा कुठून आला

बडोद्याला मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतली एखादी ट्रान्सफॉर्मर बनवणारी कंपनी लिस्ट झाली की थोड्याच दिवसांत तिच्यावरच्या ब्रोकरेज नोट दांडिया बाजारातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरू लागतात. ‘इनिशिएटिंग कव्हरेज’ म्हणजे त्या ब्रोकरेजने त्या कंपनीवर काढलेली पहिली नोट. पुढच्या तिमाही नोट सहा-आठ पानांत आटोपतात, ही मात्र चांगली जाडजूड असते. पहिल्या पानावर ‘बाय’, टार्गेट आणि शेअर का घ्यावा हे सांगणारा थीसिस, मग धंद्याची ओळख, आकड्यांचे अंदाज, व्हॅल्युएशन, जोखमी आणि शेवटी बारीक अक्षरातली प्रकटनं. हा क्रम कुणी एका बैठकीत बसून ठरवलेला नाही. नोटचे पैसे कोण देतं हे जसं बदलत गेलं, तसा एकेक भाग जोडला गेला.

१९९२ पर्यंत आपल्याकडे नव्या शेअरची किंमत ठरवणं हे विश्लेषकाचं कामच नव्हतं. भांडवल नियंत्रणाचा १९४७ चा कायदा होता आणि दिल्लीत कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूजचं कार्यालय होतं. प्रीमियम किती घ्यायचा हे तिथून मंजूर व्हायचं. ठोकताळा साधा होता: एका बाजूला शेअरमागची निव्वळ मालमत्ता, दुसऱ्या बाजूला मागच्या काही वर्षांच्या सरासरी नफ्यावरून काढलेलं मूल्य, आणि या दोन्हींची सरासरी. उत्पादक कंपनीसाठी नफ्याला १५ टक्क्यांनी भागायचं, म्हणजे किंमत नफ्याच्या जेमतेम पावणेसात पट, तेवढाच पीई. फेरफाराला थोडी जागा होती, पण सगळा हिशेब मागच्या वर्षांचा. उद्याची गोष्ट सांगणाऱ्या थीसिसला त्यात स्थानच नव्हतं.

त्याच वर्षी तो कायदा गेला, इश्यूची किंमत मोकळी झाली आणि परदेशी संस्थांना आपल्या बाजारात यायला परवानगी मिळाली. लंडन-हाँगकाँगमध्ये बसलेल्या फंड मॅनेजरला मकरपुरा कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. आपल्या समितीपुढे ठेवायला त्याला लेखी कारण हवं होतं, तेही अशा क्रमाने की पहिलं पान वाचून निर्णय व्हावा आणि शंका आली तर मागची पानं उघडावीत. त्यासाठी लागणारा साचा अमेरिकेत आधीच तयार होता. ग्रॅहम आणि डॉड यांनी १९३४ मध्ये ताळेबंदावरून शेअरची किंमत जोखण्याची शिस्त मांडली, जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ मध्ये भावी लाभांश आजच्या मोलात आणून किंमत काढली. डोनाल्डसन, लफकिन अँड जेनरेट ही १९५९ मध्ये निघालेली पेढी तर संस्थांना एकेका कंपनीवरचे सखोल रिपोर्ट पुरवण्यासाठीच नावाजली. वाचणाऱ्याने रिपोर्टचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत, सौदे आमच्यामार्फत करायचे, असा तो व्यवहार होता.

हा व्यवहार समोर ठेवला की थीसिस पहिल्या पानावर का असतो ते कळतं. तो वाचून सौदा व्हायला हवा असतो.

आता आपल्या कंपनीचं काल्पनिक उदाहरण घेऊ. शेअर ४ कोटी, बाजारभाव ६०० रुपये. गेल्या तीन वर्षांचा शेअरमागे सरासरी नफा १५ रुपये, निव्वळ मालमत्ता १२०. जुन्या ठोकताळ्याने १५ भागिले १५ टक्के म्हणजे १००, त्याची १२० बरोबर सरासरी ११०. नोट मात्र दोन वर्षं पुढचं बघते. विक्री १,५०० कोटी, त्यावर १२ टक्के ऑपरेटिंग मार्जिन म्हणजे १८० कोटी, घसारा-व्याजाचे २० कोटी वजा, उरलेल्या १६० वर साधारण २५ टक्के कर. नफा १२० कोटी, शेअरमागे ३० रुपये. त्याला २५ चा पीई लावला की टार्गेट ७५०, म्हणजे आजच्या भावावर २५ टक्के वाढ. ११० आणि ७५० मधलं अंतर जवळजवळ सगळं भविष्यावरच्या विश्वासाचं आहे, आणि तो विश्वास मार्जिन आणि पीई या दोन खुंट्यांवर टांगलेला आहे.

त्यातली मार्जिनची खुंटी हलवून पाहू. ट्रान्सफॉर्मरचा मोठा खर्च तांबं आणि कोअरचं खास विद्युत पोलाद यांचा. वीज मंडळांच्या ऑर्डरींत बहुधा विद्युत उपकरण उत्पादकांच्या आयईईएमए या संघटनेच्या सूत्रानुसार दरबदलाचं कलम असतं, त्यामुळे धातू महागला तर फरक मिळतो. ठरीव दराच्या ऑर्डरींत, खासकरून निर्यातीच्या, ही सोय नसली तर फरक कंपनीच्या अंगावर येतो. समजा त्यामुळे मार्जिन १२ वरून १० टक्क्यांवर आलं. ऑपरेटिंग नफा १५० कोटी, करानंतर साडेसत्त्याण्णव, शेअरमागे सुमारे २४ रुपये ४० पैसे. पीई २५ च धरला तरी किंमत ६०९. म्हणजे दोन टक्के मार्जिन गेलं आणि सगळी वाढ संपली. शिवाय नफा घसरलेल्या कंपनीला बाजार २५ चा पीई देत नाही. २० दिला तर ४८८, म्हणजे आजच्या भावाहून सुमारे १९ टक्के खाली.

हा हिशेब जोखमींच्या पानावर असायला हवा. बहुतेक नोटमध्ये तिथे ‘कच्च्या मालाच्या किमतींतील चढ-उतार’ एवढी एक ओळ असते. माझ्या मते याचं कारण आळसाहून जास्त इतिहासात आहे. १ मे १९७५ ला अमेरिकेत ठरीव दलाली संपली, सौद्यातली कमाई आटत गेली आणि संशोधन हळूहळू त्याच पेढीच्या इश्यू विभागाच्या पैशावर पोसलं जाऊ लागलं. इश्यू आणणाऱ्या कंपनीवर कडू लिहिणं परवडेना. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी विश्लेषकांचे ईमेल बाहेर काढले, तेव्हा जाहीर शिफारस एक आणि खासगी मत दुसरं असल्याचं दिसलं. २००३ च्या तडजोडीत दहा मोठ्या पेढ्यांनी सुमारे १.४ अब्ज डॉलर मोजायचं कबूल केलं. त्यानंतर प्रकटनं वाढली आणि वकिलाची नजर नोटवरून फिरू लागली. जोखमींचा भाग वाचणाऱ्यापेक्षा त्या नजरेसाठी लिहिला जाऊ लागला.

म्हणून नोट हातात आली की मी जोखमीच्या पानावर आकडा आहे का ते पाहतो. नसला तर नफ्याच्या अंदाजाचं पान उघडून मार्जिन स्वतः दोन टक्क्यांनी खाली आणतो. दुसरी पाहण्यासारखी जागा म्हणजे येणी. वीज मंडळं तपासणी आणि पाठवणीची मंजुरी लांबवतात, तेव्हा तयार ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या आवारात उभे राहतात. पुढे माल गेला तरी बिलाचा काही भाग अडकतो. कारखाना पाहून आलेल्या विश्लेषकाने आवार भरलेलं होतं की मोकळं, हे लिहिलेलं असेल तर ती नोट नीट वाचावी. मार्जिनचा तक्ता चोख आणि खेळत्या भांडवलाचे दिवस मात्र पुढची तीन वर्षं एकाच आकड्यावर गोठलेले असतील, तर पुढच्या वर्षांच्या रोख प्रवाहावरून किंमत काढणारं डीसीएफचं पान न उघडलेलं बरं, कारण अडकलेला पैसा त्यात दिसणारच नाही.

‘काका, शेवटची पानं कोण वाचतं?’ असं भाच्याने विचारलं होतं. बडोद्याचा स्वतःचा शेअर बाजार होता (१९९० मध्ये सुरू झाला, २०१५ मध्ये सेबीने त्याला बाहेर पडू दिलं), त्या काळातले जुने दलाल ती पानं वाचत नसत, कारण ती नव्हतीच. आपल्याकडे ती आली सेबीच्या २०१४ च्या रिसर्च अ‍ॅनालिस्ट नियमांतून. कंपनीत ब्रोकरेजची १ टक्का किंवा जास्त मालकी आहे का, मागच्या बारा महिन्यांत तिच्याकडून मोबदला घेतला का, तिचा इश्यू सांभाळला का, हे तिथे सांगावं लागतं. नोट निघण्याच्या ३० दिवस आधीपासून ५ दिवस नंतरपर्यंत विश्लेषकाला त्या शेअरमध्ये स्वतःचे सौदे करता येत नाहीत. मूळ नियमांत इश्यू सांभाळणाऱ्या पेढीला किंमत ठरल्यापासून ४० दिवस गप्प राहावं लागे. म्हणून लिस्टिंगनंतर काही आठवडे शांतता असायची आणि मग एकाच आठवड्यात तीन-चार पहिल्या नोट यायच्या. त्या सगळ्यांवर ‘बाय’ लिहिलेलं असेल, तर प्रत्येकीच्या शेवटच्या पानावरचं इश्यू सांभाळल्याचं वाक्य शोधायचं आणि ते ज्या नोटमध्ये नाही, तिचं टार्गेट इतरांपेक्षा किती वेगळं आहे ते पाहायचं.