‘बरोबर’ आणि ‘मुळे’: आइस्क्रीमचा खप व बुडण्याच्या घटना

मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर फेरी मारली, तर मासुंदा तलावाच्या काठावर आइस्क्रीम घेणाऱ्यांची झुंबड उडालेली दिसते. त्याच दुपारी जिल्ह्यात कुठेतरी नदीत किंवा पाणी साचलेल्या खदानीत पोहायला उतरलेली मुले बुडाल्याची बातमी सोमवारच्या पेपरात येऊ शकते. आता एखाद्याने वर्षभराचे दोन आकडे समोरासमोर मांडले, एकीकडे आइस्क्रीमचा खप आणि दुसरीकडे अशा बुडण्याच्या घटना, आणि उन्हाळ्यात दोन्ही चढतात असे त्याला दिसले, तर त्याने मथळा काय द्यावा? ‘आइस्क्रीमच्या खपाबरोबर बुडण्याच्या घटनांत वाढ’ हा मथळा खरा असू शकतो. ‘आइस्क्रीममुळे बुडण्याच्या घटनांत वाढ’ हा मात्र खोटा आहे. संख्याशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षे सांगितल्या जाणाऱ्या या उदाहरणातला सगळा पेच मराठीत ‘बरोबर’ आणि ‘मुळे’ या दोन शब्दांत मावतो. पहिला शब्द सहसंबंध सांगतो, दुसरा कार्यकारणभाव.

सहसंबंध म्हणजे दोन मोजमापे एकत्र हलणे: एक वाढले की दुसरेही बहुधा वाढते, किंवा एक वाढले की दुसरे बहुधा घटते. तो मोजण्यासाठी जो सहसंबंध गुणांक वापरतात, त्याची किंमत −1 ते +1 या दरम्यान असते. या गुणांकाची एक गोष्ट मथळे लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे, ती म्हणजे त्याला दिशा नसते. आइस्क्रीम आधी घ्या किंवा बुडणे आधी घ्या, गुणांक तोच येतो. त्यामुळे त्या आकड्याच्या बळावर ‘आइस्क्रीममुळे लोक बुडतात’ असे म्हणायचे असेल, तर ‘लोक बुडतात म्हणून आइस्क्रीम खपते’ हेही तितक्याच बळावर म्हणता येईल. दुसरे विधान ऐकताच आपण हसतो, पहिल्यावर मात्र क्षणभर विचार करतो, कारण पोटभर खाऊन पाण्यात उतरू नये हे घरातल्या मोठ्यांकडून आपण ऐकलेले असते आणि एखादी पटण्याजोगी कथा हाताशी असली की आकड्याला दिशा आपण स्वतःच देऊन टाकतो. कार्यकारणभावाला दिशा असते, आणि ती आकड्याबाहेरून आणावी लागते.

हे उदाहरण ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ या जातीचे आहे असे काही जण म्हणतात, पण ते बरोबर नाही. कावळ्याचा योगायोग पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा घडत नाही. आइस्क्रीम आणि बुडणे यांची जोडी मात्र दर उन्हाळ्यात परत जमू शकते, कारण दोघांच्या मागे एकच तिसरा घटक उभा आहे: ऊन. उकाडा वाढला, शाळांना सुट्या लागल्या, की लोक गार खातात आणि पाण्याकडेही धाव घेतात. म्हणजे इथला सहसंबंध अपघाती नाही, त्याला कारण आहे. फक्त ते कारण या दोघांपैकी एकातही नाही.

हा तिसरा घटक आकड्यांत कसा लपतो, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. समजा आपल्याकडे 100 दिवसांची नोंद आहे, त्यांपैकी 50 दिवस तापलेले आणि 50 बेताचे. आइस्क्रीम जास्त खपले असेही दिवस एकूण 50 च आहेत, पण त्यांतले 40 तापलेल्या दिवसांत पडतात आणि 10 बेताच्या दिवसांत. जास्त खपाच्या 50 दिवसांपैकी 13 दिवशी बुडण्याची घटना घडली, कमी खपाच्या 50 पैकी 7 दिवशी. प्रमाण 26 टक्के आणि 14 टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि मथळा तयार.

आता हेच दिवस उन्हाप्रमाणे वेगळे करा. तापलेल्या दिवसांत जास्त खपाचे 40 होते, त्यांत 12 घटना. कमी खपाचे 10 होते, त्यांत 3. दोन्हीकडे 30 टक्के. बेताच्या दिवसांत जास्त खपाचे 10, घटना 1. कमी खपाचे 40, घटना 4. दोन्हीकडे 10 टक्के. ऊन स्थिर धरल्याबरोबर आइस्क्रीमचा फरक पूर्ण नाहीसा झाला. तो ‘दुप्पट’ चा आकडा खोटा नव्हता; जास्त खपाच्या दिवसांत तापलेल्या दिवसांची भरती अधिक होती, एवढेच त्यातून कळत होते.

खऱ्या नोंदींत हिशेब इतका स्वच्छ कधीच सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे. समजा आपण फक्त 36 अंशांचे दिवस निवडले, तरी त्यांतल्या रविवारी आइस्क्रीम मंगळवारपेक्षा अधिक खपणार आणि पोहायला जाणारेही अधिक असणार, म्हणून थोडा सहसंबंध उरतोच. तो उरला म्हणजे आइस्क्रीमचा दोष सिद्ध झाला, असे नव्हे. सुटीचा वारही स्थिर धरायला हवा होता. ‘तापमानाचा परिणाम वगळूनही’ अशा धर्तीचे वाक्य बातमीत आले की वाचकाने विचारावे, आणखी काय वगळायचे राहिले? जे कोणी मोजलेच नाही, ते वगळता येत नाही.

या जोडीची आणखी एक परीक्षा ठाणे आणि नवी मुंबईचा पाऊस घेतो. वर्गात सांगितले जाणारे उदाहरण अशा देशांतले आहे, जिथे पाण्यात उतरण्याचा मोसम उन्हाळाच असतो. आपल्याकडे जुलैत आइस्क्रीमच्या फ्रीजरपेक्षा वाफाळत्या चहाची आणि भज्यांची टपरी जास्त चालते, आणि नेमक्या त्याच दिवसांत तरुणांच्या टोळ्या येऊरच्या ओढ्यांकडे आणि खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे निघतात. पांडवकड्यावर बुडून मृत्यू झाले आहेत आणि पावसाळ्यात तिथे जाण्यावर बंदीही घातली जाते. अशा ठिकाणच्या घटना हिशेबात धरल्या, तर वर्षभराच्या दोन रेषा हातात हात घालून चालण्याऐवजी जुलैत एकमेकींपासून फुटू लागतात. आइस्क्रीम बुडवत असते, तर खप उतरल्यावर धोकाही उतरला असता. सामाईक कारण जिथे दोघांना एकत्र ढकलत नाही, तिथे सहसंबंधही टिकत नाही.

तरीही सहसंबंध निरुपयोगी नसतो. उन्हाळ्याच्या एखाद्या आठवड्यात आइस्क्रीमचा खप अचानक चढला, तर पोहायला जाणारेही वाढले असतील असा अंदाज बांधून पाणवठ्यांवर जीवरक्षक वाढवणे शहाणपणाचेच ठरेल. अंदाजासाठी ‘बरोबर’ पुरते. उपाय करायला निघालो की मात्र ‘मुळे’ लागते, कारण तलावपाळीवरच्या सगळ्या आइस्क्रीमच्या गाड्या उद्या उठवल्या, तरी खदानीत उतरणारा मुलगा उतरणारच आहे, आणि खदानीला कुंपण घातले, तर आइस्क्रीमचा खप जिथल्या तिथे राहून तो मुलगा मात्र वाचू शकतो.