बिलात 'जादा काम' म्हणून जी वेगळी ओळ येते त्याबद्दल (घराच्या वायरिंगचे ग्राहक, कृपया काम सुरू व्हायच्या आधी वाचा)

नमस्कार भाऊ, ताई. आमच्याकडून घराची वायरिंग करून घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा शेवटचं बिल हातात पडल्यावर एकच फोन येतो, की कोटेशन तर चौऱ्याऐंशी हजारांचं होतं मग हे वरचे साताठ हजार कुठून आले. फोनवर समजावून सांगताना दोघांचाही वेळ जातो आणि कधी कधी मन पण दुखते, म्हणून हे लिहून देत आहोत.

कोटेशन देताना आम्ही घरभर फिरून पॉइंट मोजतो. कोणत्या खोलीत किती लाइट, किती पंखे, कुठं सहा अँपिअरचा प्लग, कुठं सोळाचा, डीबी किती वेचा म्हणजे त्या बॉक्समध्ये किती एमसीबी बसतात, हे सगळं कागदावर असते आणि त्यावर तुमची सही असते. तेवढं काम ठरलेल्या पैशात, मधात वायरचे भाव वाढले तरी. त्या कागदावर जे नाही ते जादा काम. आता घर बांधताना मन बदलतेच, त्यात कोणाची चूक नाही, आमच्या स्वतःच्या घराच्या वेळेस पण बदललं होतं. अडचण बदलाची नाही, तो बदल कोणाला आणि कधी सांगितला याची आहे.

आपल्याकडं बहुतेक घरं कापसाचे पैसे आले की वर चढतात. स्लॅब डिसेंबर-जानेवारीत पडते, तेव्हा थंडी असते, कोटेशनमध्ये बेडरूमला कूलरचा पॉइंट लिहिला जातो आणि सगळे खूश असतात. मग एप्रिल लागतो, पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि घर पाहायला आलेला कोणी तरी जावई किंवा साळा म्हणतो की आता घर बांधून रायले तर एसी घ्या ना. तोवर प्लास्टर झालेलं असते, कधी पुट्टीचा पहिला हात पण. आणि साइटवर आमचा जो पोट्टा काम करत असते त्याला सांगून मोकळे होतात, "अरे, इथं एसीचा पण काढून ठेवजो बरं."

हीच ती चूक, जिच्यामुळं सगळ्यात जास्त वेळ जातो. पोट्टा लहान असते, घरमालकाला नाही म्हणू शकत नाही. तो कूलरच्या प्लगवरूनच जोडून देतो किंवा झिरी मारायला घेतो, आम्हाला संध्याकाळी कळते, आणि तुम्हाला वाटते की एक पाईपच तर टाकायचा होता, त्याचे कायचे पैसे.

कूलरच्या पॉइंटला दीड एमएमची वायर असते आणि ती बहुतेक वेळा त्या खोलीच्या लाइट-पंख्याच्याच लाइनवर असते. कूलरला तेवढं पुरते. दीड टनाचा एसी चालू असताना सात-आठ अँपिअर खेचते आणि तेही रात्रभर, वैशाखात तर दुपारी पण. त्याला डीबीपासून वेगळी चार एमएमची लाइन लागते, वेगळा एमसीबी लागतो, अर्थिंग लागते. मागं एका घरी आमच्याच पोट्ट्यानं घरमालकाच्या सांगण्यावरून कूलरच्या प्लगवर एसी जोडून दिला होता, आम्हाला पत्ता नव्हता. मे महिन्यात त्यांनी बोलावलं तर प्लगच्या दोन भोकांभोवती पांढरी प्लेट बदामी झालेली, पिन काढायला गेलो तर चटका बसला आणि जळक्या प्लास्टिकचा वास. प्लेट खोलली तर वायरचं आवरण टोकाशी कडक होऊन तुकडे पडत होते. तुमच्या घरी असा कोणता प्लग गरम लागत असेल किंवा रंग बदललेला दिसत असेल तर एसी लगेच बंद करा आणि आम्हाला फोन करा, हे पाहायला यायचे पैसे आम्ही घेत नाही. त्या दिवसापासून पोट्ट्यांना सक्त सांगून ठेवलं आहे, कागदावर नाही ते काम मला फोन केल्याशिवाय करायचं नाही. तेव्हा तो "मालकाला विचारून सांगतो" म्हणाला तर रागवू नका, त्याला तसंच शिकवलं आहे.

आता पैशाचा हिशोब एका खऱ्या बिलावरून सांगतो, नाव-गाव सोडून. दोन बेडरूमचं घर, कोटेशन ८४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९९,१२०. प्लास्टर झाल्यावर बेडरूमला एसी ठरला. डीबी हॉलमध्ये, तिथून एसीच्या जागेपर्यंत भिंतीनं १४ मीटर. चार एमएमची वायर दोन तार म्हणजे २८ मीटर आणि अर्थिंगची अडीच एमएम १४ मीटर, मिळून २,७७२. पाईप आणि एसीचा बॉक्स १,३००. झिरी ४६ फूट, प्लास्टर झालेल्या भिंतीत २५ रुपये फुटानं, १,१५०. वायर ओढणं आणि फिटिंगची मजुरी ७००.

इथवर सगळ्यांना पटते. पुढं जे येते ते कोणाच्या लक्षात नसते. डीबी आठ वेचा होता आणि आठही भरले होते. नवीन एमसीबी बसवायला जागाच नाही. मग बारा वेचा बॉक्स आणा, भिंतीतला जुना काढा, भोक मोठं करा, सगळ्या वायरी परत जोडा. नवीन बॉक्स २,०००, जुना चांगला होता म्हणून तो आम्ही परत घेतला आणि ७०० वजा केले, एमसीबी २८०, मजुरी ६००, म्हणजे २,१८० नुसते डीबीचे. एकूण झाले ८,१०२. कूलरचा प्लग आता बसवायचा नव्हता, त्याची प्लेट-स्विचचे ३५० कमी केले, राहिले ७,७५२. जीएसटी धरून ९,१४७. सुधारित बिल १,०८,२६७.

हाच एसी त्यांनी प्लास्टरच्या आधी सांगितला असता तर झिरी उघड्या विटेत १० रुपये फुटानं झाली असती, आणि डीबी पहिल्यांदाच बारा वेचा आणला असता, बॉक्सचा फरक ५०० आणि एमसीबीचे २८०, बस. जीएसटी धरून ६,६८१ लागले असते. म्हणजे अडीच हजाराच्या जवळ फक्त उशिरा सांगण्याचे गेले, आणि त्यात मिस्त्रीचं परत प्लास्टर आणि पुट्टी धरलेली नाही, ते आमच्या बिलात येतच नाही.

काही लोक म्हणतात की प्लास्टरनंतरचा भाव अडीचपट म्हणजे अडवणूक झाली. भाऊ, उघड्या विटेत पोट्टा तासाभरात जेवढं जाते तेवढं प्लास्टरमध्ये अर्धा दिवस घेते, कटरची पाती लवकर झिजते, धूळ उडू नये म्हणून पाणी मारत राहावं लागते आणि आधी टाकलेले आपलेच पाईप कुठं आहेत ते शोधत जावं लागते. चार इंची भिंतीत आडवी लांब झिरी खोल मारता येत नाही, भिंत कमजोर होते, म्हणून वळसा घेऊन जावं लागते आणि फूट वाढतात. कॉलम आणि बीममध्ये तर आम्ही झिरी मारतच नाही, पैसे दिले तरी नाही. स्लॅब पडल्यावर मधात नवीन पंखा पाहिजे असेल तर वरून केसिंग पट्टीच, दुसरा उपाय नाही.

मग बदल सांगायचा कसा. थेट मला फोन किंवा व्हॉट्सॅप, पोट्ट्याला नाही. मी येऊन पाहतो, टेपनं मोजतो आणि त्याच दिवशी व्हॉट्सॅपवर लिहून पाठवतो. वरच्या घराचा मेसेज असा होता:

"बेडरूम पूर्वेची भिंत, दीड टन एसीसाठी नवीन लाइन, डीबी ८ वेचा बदलून १२ वेचा. कूलर पॉइंट रद्द. जादा रक्कम ७,७५२ अधिक जीएसटी. काम दोन दिवस वाढेल. प्लास्टर-पुट्टी तुमच्याकडं. हा भाव १५ दिवस. मंजूर असेल तर 'चालते' लिहा."

'चालते' आलं की काम सुरू, तोवर त्या भिंतीला हात नाही. पंधरा दिवस यासाठी की वायरच्या बंडलचा भाव तांब्यावर चालते आणि जादा कामासाठी माल आधी घेऊन ठेवलेला नसते.

आणखी एक, मंजुरी देणारा माणूस एकच ठरवा. बऱ्याच घरी बाबा साइटवर असतात आणि पैसे पुण्याहून मुलगा पाठवतो. बाबा सांगतात, आम्ही करतो, मुलगा म्हणतो मला तर माहीतच नाही, आणि मधात आम्ही. एका घरी असेच सहा हजार आमचे गेले, बापलेकात भांडण नको म्हणून सोडून दिले. आता कोटेशनवरच एक नाव आणि नंबर लिहून घेतो. बाबांचं लिहा, मुलाचं लिहा, सूनबाईचं लिहा, पण एकच.

बिलाचं म्हणाल तर, शेवटचं पक्कं बिल निघालं नसेल तर जादा काम त्यातच वेगळ्या ओळीत येते, खाली व्हॉट्सॅप मंजुरीची तारीख असते. पक्कं बिल देऊन झाल्यावर रक्कम वाढली तर जीएसटीच्या नियमानं जुनं बिल खोडता येत नाही, त्याला जोडून डेबिट नोट द्यावी लागते, आणि काम कमी झालं तर क्रेडिट नोट. ते दुसरं बिल नाही, पहिल्या बिलाचाच पुढचा भाग आहे, दोन्ही कागद सोबत ठेवा. एसीमुळं मीटरचा मंजूर भार वाढवायचा असेल तर तो वीज कंपनीचा अर्ज आणि त्याचे पैसे वेगळे, फॉर्म भरायला मदत करतो.

काय फुकट आहे तेही सांगतो. पाईप टाकायच्या आधी स्विचबोर्ड इकडचा तिकडं करायचा असेल, पलंगाची बाजू बदलली, टीव्हीची भिंत बदलली, तर काही पैसे नाही, कितीही वेळा सांगा. झिरी मारायच्या आदल्या दिवशी मी स्वतः घरी येतो, खडूनं भिंतीवर प्रत्येक बोर्डची खूण करतो आणि घरातल्या सगळ्यांना सोबत फिरवतो, खास करून बायांना, कारण मिक्सर कुठं, फ्रिज कुठं, देवघरात दिवा कुठं हे त्यांनाच माहीत असते आणि कोटेशनच्या वेळेस त्यांना कोणी विचारलेलं नसते. त्या दिवशी एसी, गीझर, बोअरची मोटर, पुढं वर मजला चढवायचा विचार, सगळं बोलून घ्या. आज एसी घ्यायचा नसला तरी रिकामा पाईप आणि डीबीत चार वे जास्तीचे टाकून ठेवले तर साधारण हजार-बाराशेत होते, वायर नंतर कधीही ओढता येते. प्लास्टरच्या आधी सगळ्या भिंतींचे पाईपसकट फोटो काढून तुमच्या व्हॉट्सॅपवर पाठवतो, ते डिलीट करू नका, पुढं खिळा ठोकायचा असला तरी कामी येतात.

दारव्हा, नेर, दिग्रस या भागात काम चालू असेल तर खडूच्या दिवसासाठी चार दिवस आधी फोन करा, मार्च-एप्रिलमध्ये आठ दिवस आधी.