नफातोटा पत्रक (वाचन)

नफातोटा पत्रक म्हणजे ठरावीक काळातील विक्री, ती मिळवण्यासाठी झालेला खर्च आणि शेवटी उरलेला नफा यांचा वरून खाली उतरत जाणारा हिशोब. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या काजूप्रक्रिया कारखान्याचे पत्रक या वाचनासाठी विशेष उपयोगी आहे, कारण तेथे कच्चा माल हंगामात एकदाच घेऊन वर्षभर फोडला जातो. पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत.

समजा, कारखान्याने वर्षात २८८ टन काजू बी फोडून २५ टक्के उताऱ्याने ७२ टन गर काढला आणि तो सरासरी ६८० रुपये किलोने विकला. गराचे सुमारे ४९० लाख आणि टरफलाचे १० लाख मिळून विक्री ५०० लाख रुपये. यात जीएसटी धरत नाहीत. तो ग्राहकाकडून घेऊन सरकारला भरायचा असतो.

पुढची ओळ वापरलेल्या मालाची. वर्षभरात खरेदी केलेला माल आणि वापरलेला माल एक नव्हे. सुरुवातीचा साठा ४० लाख, खरेदी ३८५ लाख आणि अखेरचा साठा ६५ लाख असेल तर वापर ३६० लाखांचा. काजूच्या धंद्यात सर्वांत जास्त गफलत येथेच होते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि नेमका त्या वेळी हंगाम भरात असतो. गोदामात नवी बी येऊन पडलेली असते. अखेरचा साठा १५ लाखांनी फुगवला की करपूर्व नफाही तेवढ्याच रकमेने फुगतो, पैसा मात्र एक रुपयाही वाढत नाही. म्हणून साठ्याची किंमत खरेदीखर्च किंवा विकून हाती येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती धरतात. पडताळणीसाठी फोडलेल्या बीचे किलो आणि निघालेल्या गराचे किलो ताडून पाहावेत. बी नीट वाळली नसताना घेतली असेल, तर गोदामात तिचे वजन घटते. ती घट साठ्यातून वजा केलेली नसेल, तर साठा फक्त कागदावर भरलेला असतो.

माल वजा जाता १४० लाख उरतात. त्यातून मजुरी ४८ लाख आणि वीज, जळण, पॅकिंग, वाहतूक, दुरुस्ती असा इतर खर्च ३२ लाख वजा केला की ६० लाख राहतात. व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या या नफ्याला एबिटडा म्हणतात. येथे तो विक्रीच्या १२ टक्के आहे. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ३ मधील नमुन्यात या नावाची ओळच नाही. वाचणाऱ्याला तो स्वतः काढावा लागतो, त्यामुळे कोणी त्यात मुदतठेवीचे व्याज मिसळले आहे का, हे आधी पाहावे.

यंत्रे व इमारतीचा घसारा १४ लाख वजा केल्यावर कार्यकारी नफा ४६ लाख, म्हणजेच कार्यकारी नफ्याचे प्रमाण ९.२ टक्के. खाऱ्या हवेत बॉयलर, पत्रे आणि कटिंगची यंत्रे लवकर गंजतात. ती बदलावी लागणारच. घसारा सोडून नफा मोजणे येथे म्हणूनच दिशाभूल करते.

त्याखाली व्याज २७ लाख. यातील ९ लाख यंत्रांच्या मुदतकर्जाचे आणि १८ लाख बी साठवण्यासाठी घेतलेल्या कॅश क्रेडिटचे. हे दुसरे व्याज पत्रकात वित्तीय खर्च म्हणून दिसत असले, तरी हंगामात माल भरल्याशिवाय कारखाना वर्षभर चालत नाही. व्यवहारात तो धंद्याचाच खर्च आहे. मुदतठेवीवरील व्याजाचे ३ लाख इतर उत्पन्न मिळवले की करपूर्व नफा २२ लाख. प्राप्तिकराच्या सवलतीच्या पर्यायातील २५.१७ टक्के कर सुमारे साडेपाच लाख. निव्वळ नफा साधारण साडेसोळा लाख, विक्रीच्या ३.३ टक्के.

बीचा भाव किलोला १० रुपयांनी चढला आणि गराचा भाव तोच राहिला, तर खर्च २८.८ लाखांनी वाढून करपूर्व नफा पुसला जातो. उतारा २५ वरून २४ टक्क्यांवर आला तरी सुमारे साडेएकोणीस लाखांची विक्री जाते.

आता एबिटडाचे ६० लाख रोखीत मोजावेत. व्याज २७, कर साडेपाच आणि वाढलेल्या साठ्यात अडकलेले २५ लाख वजा करून इतर उत्पन्नाचे ३ लाख मिळवले, तर साडेपाच लाख उरतात. मुदतकर्जाच्या मुद्दलाचा वार्षिक हप्ता १५ लाख असेल, तर साडेनऊ लाख कमीच पडतात, आणि ही ग्राहकांकडील व पुरवठादारांची उधारी जैसे थे धरूनची स्थिती आहे. मुद्दलाची फेड नफातोटा पत्रकात कोठेच दिसत नाही. ती पाहण्यासाठी ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक सोबत ठेवावे लागते.