प्रकाशसंश्लेषण

हिरव्या वनस्पती, शेवाळे आणि काही जीवाणू प्रकाशाच्या ऊर्जेवर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार करतात, त्या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. पानात ती हरितलवकांत घडते. पाणी मुळांकडून येते, वायू पर्णरंध्रांतून आत शिरतो.

बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला असावा, असे बराच काळ मानले जाई. शाळेतला हायड्रिलाचा प्रयोगही तसेच सुचवतो. नरसाळ्याखाली ठेवलेल्या फांदीतून उन्हात बुडबुडे निघतात. उकळून गार केलेल्या पाण्यात ते जवळपास थांबतात आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की पुन्हा सुरू होतात, कारण सोड्यातून वनस्पतीला कार्बन मिळतो.

पण 1937 मध्ये रॉबिन हिल यांनी पानांतून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांना लोहाचा क्षार दिला, तेव्हा कार्बन डायऑक्साइड नसतानाही प्रकाशात ऑक्सिजन निघाला. 1941 मध्ये रुबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन असलेले पाणी शेवाळाला दिले. निघालेल्या वायूत जड ऑक्सिजनचे प्रमाण पाण्यातल्यासारखेच आढळले. म्हणजे फुटते ते पाणी.

हरितद्रव्यावर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन निघून जातो. ती उणीव पाण्यातून भरून काढली जाते. हे काम मँगनीजच्या चार अणूंचा एक पुंजका करतो. पाण्याच्या दोन रेणूंतून एकेक करत चार इलेक्ट्रॉन काढले की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी एनएडीपी या वाहकावर जातात, आणि वाटेत पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपीही तयार होते.

हा भरलेला वाहक पुढच्या टप्प्यात, केल्व्हिन चक्रात, रिकामा होतो. तिथे रुबिस्को हे विकर पाच कार्बनच्या शर्करेला कार्बन डायऑक्साइड जोडते. असे तीन रेणू जोडले गेले की तीन कार्बनची एक शर्करा शिल्लक पडते, आणि तिच्यापासून पुढे साखर व स्टार्च बनतात. उकळलेल्या पाण्यातले कोडे इथे सुटते: कार्बन नसेल तर वाहक भरलेलाच राहतो, इलेक्ट्रॉनना जायला जागा उरत नाही आणि पाणी फुटायचे थांबते. हिल यांच्या प्रयोगात ती जागा लोहाच्या क्षाराने दिली होती.

रुबिस्को संथ आहे, शिवाय त्याची गफलतही होते. ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते आणि आधी जोडलेला थोडा कार्बन वाया जातो. कडक उन्हात पर्णरंध्रे मिटली की पानातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ही चूक वाढते. भात आणि गव्हाला ती सोसावी लागते. ऊस, ज्वारी आणि मका मात्र कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात अडकवून शिरांभोवतीच्या पेशींत नेतात आणि तिथे रुबिस्कोपाशी मोकळा करतात. त्यासाठी त्यांना जास्तीचे एटीपी खर्चावे लागते, म्हणून थंड, अंधूक हवेत हा सौदा परवडत नाही.