ब्रेडबोर्डवरचं सर्किट मनाला येईल तसं वागणं

सर्किट कागदावर बरोबर आहे, जोडणी दोनदा तपासलेली आहे, आणि तरी ब्रेडबोर्डवर ते कधी चालतं, कधी अडतं, कधी नुसता हात जवळ नेला तरी बदलतं, अशा बिघाडाबद्दल ही नोंद आहे. बोलताना आपण याला ‘रँडम’ म्हणतो, पण बहुतेक वेळा यात रँडम काहीच नसतं. सर्किटमधल्या कुठल्यातरी बिंदूचं व्होल्टेज कुणीच धरून ठेवलेलं नसतं, त्यामुळे आजूबाजूला जे काही असेल ते त्या बिंदूला ओढत बसतं. लटकलेली इनपुट पिन, दोन सप्लायचं न जोडलेलं ग्राउंड आणि सैल कॉन्टॅक्ट ही तीन नावं वेगळी वाटतात, पण मुळात तिन्हीकडे हेच घडतं.

आधी लटकलेली पिन, कारण ती समजली की बाकीचं सोपं जातं. सीमॉस आयसीची इनपुट पिन जवळपास करंट घेतच नाही. आर्डुइनो उनोवरच्या चिपची पिन जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर गळते, एरवी त्याहून बरीच कमी. म्हणजे तिला ० किंवा १ करायला अगदी कणभर चार्ज पुरतो, आणि तो चार्ज द्यायला घरातलं २३० व्होल्टचं वायरिंग, ट्यूबलाईट, तुमचं बोट, कुणीही चालतं. ५ व्होल्टवर ही चिप साधारण दीड व्होल्टच्या खाली ० वाचते आणि ३ व्होल्टच्या वर १ वाचते, मधल्या पट्ट्यात काय वाचेल याची हमी नाही. हे स्वतः बघायचं असेल तर २ नंबरच्या पिनला वीतभर जंपर लावा, त्याचं दुसरं टोक मोकळं सोडा आणि हे चालवा:

```
void setup() {
  pinMode(2, INPUT);
  Serial.begin(115200);
}
void loop() {
  Serial.println(digitalRead(2));
  delay(2);
}
```

आता तो जंपर एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरजवळ न्या (जवळ म्हणजे बाहेरून, इन्सुलेशनवरून, सॉकेटात अजिबात नाही). बऱ्याचदा पाचेक शून्यं, मग पाचेक एक, परत शून्यं अशी रांग दिसते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांचा, आणि आपण दर २ मिलिसेकंदांनी वाचतोय, म्हणून एका फेऱ्यात दहा आकडे, निम्मे शून्य निम्मे एक. म्हणजे ज्याला आपण रँडम म्हणत होतो ते घरातल्या लाईटचं ठोके देणं आहे. `INPUT` च्या जागी `INPUT_PULLUP` लिहिलं की चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर पिनला ५ व्होल्टकडे धरून ठेवतो आणि पडद्यावर नुसते एक येत राहतात. बाहेरून लावायचा तर १० किलोओहम घ्या: १ मायक्रोअँपिअर गळलं तरी त्यावर फक्त ०.०१ व्होल्टचा फरक पडतो. १ मेगाओहम लावला तर तोच फरक १ व्होल्टचा होतो, आणि मग पिन पुन्हा त्या बेभरवशाच्या पट्ट्याकडे सरकायला लागते.

इथे मल्टिमीटर एक मजेशीर गोष्ट करतो जी नवीन माणसाला फार छळते. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे लटकलेल्या पिनवर प्रोब टेकवला की मीटरच तिला ग्राउंडकडे ओढतो आणि बिघाड गायब होतो, प्रोब काढला की परत हजर. ‘मीटर लावला की चालतं’ असं झालं तर मीटरवर संशय घेऊ नका, ती पिन लटकलेली आहे हेच त्याचं उत्तर आहे.

आता प्रत्यक्ष एक केस. गणपतीच्या आधी एक ओळखीची मुलगी तिचा बोर्ड घेऊन माझ्याकडे कोथरूडला आली होती, घरच्या मखरासाठी धावत्या दिव्यांची ओळ करायची होती. सामान सगळं तपकीर गल्लीतून आणलेलं: सीडी ४०१७ काउंटर, दहा एलईडी, सगळ्यांच्या कॅथोडना मिळून एक ४७० ओहमचा रेझिस्टर. उनोच्या ८ नंबरच्या पिनमधून सेकंदाला एक पल्स ४०१७ च्या १४ नंबरच्या क्लॉक पिनला. उनो लॅपटॉपच्या यूएसबीवर, आणि दिव्यांचा बोर्ड मोबाईल चार्जरच्या ५ व्होल्टवर. दिवे एकदम दोन-तीन घरं उडी मारत होते, मधेच पहिल्यावर येत होते, कधी एकाच जागी अडून बसत होते, आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की वागणं बदलत होतं. ती म्हणाली, “काका, मी दोन आयसी बदलल्या, दोन्ही खराब निघाल्या.” दोन्ही आयसी चांगल्या होत्या.

‘चार्जर काढला की बदलतं’ हे ऐकलं की मी आधी ग्राउंड बघतो. सगळं बंद करून मीटर बीपवर ठेवला, एक प्रोब उनोच्या ग्राउंडला, दुसरा थेट ४०१७ च्या ८ नंबरच्या, म्हणजे ग्राउंडच्या पायाला. बीप नाही. उनोतून बोर्डावर एकच वायर येत होती, सिग्नलची. पण व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधलं असतं, उनो ‘मी ५ व्होल्ट दिले’ म्हणतो ते त्याच्या स्वतःच्या ग्राउंडपासून मोजून, आणि ४०१७ ला ते ग्राउंड माहीतच नाही. सप्लाय चालू करून मीटर एसीवर ठेवला तर दोन ग्राउंडमध्ये चाळीसेक व्होल्ट दिसले. घाबरायचं कारण नाही, दोन पिनांच्या चार्जरमध्ये नॉइज दाबायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी बारीक करंट गळतो आणि मोकळ्या ग्राउंडला असा वर-खाली झुलवतो. करंट मायक्रोअँपिअरमध्ये, पण सीमॉस पिनला तेवढा भरपूर झाला, ती ५० हर्ट्झच्या झोक्यालाच क्लॉक समजून मोजत सुटते. दोन्ही सप्लाय बंद करून ग्राउंड ते ग्राउंड एक काळी वायर टाकली आणि उड्या थांबल्या. जोडल्यावर सप्लाय चालू असताना दोन ग्राउंडमध्ये काही मिलिव्होल्टच्या वर दिसायला नको.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. ही वायर फक्त चांगल्या आयसोलेटेड अडॅप्टरच्या ग्राउंडना जोडायची. सणाच्या दिवसांत मिळणाऱ्या लाईटच्या माळांच्या कंट्रोलरमध्ये बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यातलं ‘ग्राउंड’ सरळ मेन्सला लागलेलं असतं. त्याला आपलं ग्राउंड जोडलं तर लॅपटॉप जाईल आणि माणूसही जाऊ शकतो.

उड्या थांबल्या तरी बोर्डाजवळ हात नेला की दिवा मधूनच पहिल्यावर यायचा. ४०१७ ची १५ नंबरची पिन म्हणजे रीसेट आणि १३ नंबरची म्हणजे क्लॉक रोखणारी. तिने दोन्ही मोकळ्या सोडल्या होत्या, कारण ‘वापरायच्याच नाहीत’. न वापरायच्या असतील तरी त्यांना शून्य आहे असं कुणीतरी सांगावं लागतं. १५ वर चुकून १ आला की मोजणी सुरुवातीला जाते, १३ वर आला की दिवा जागीच थांबतो, तिची दोन्ही लक्षणं इथूनच येत होती. दोन्ही पिना सरळ ८ नंबरला जोडल्या, इथे रेझिस्टर लागत नाही. आउटपुट पिना मात्र मोकळ्या राहिल्या तर चालतं, त्यांना आयसी स्वतः धरून ठेवते, आणि चुकून त्याच ग्राउंडला जोडल्या तर उलट नवा त्रास होतो.

मग दहाएक मिनिटं सगळं सुरळीत, आणि कुणीतरी टेबलावर कपबशी ठेवली तर दिव्यांचं नवीनच सुरू झालं: अर्धा सेकंद कुठलातरी दिवा, जरा मंद, मग अर्धा सेकंद अंधार, मग भलताच दिवा. हे लक्षण ओळखून ठेवण्यासारखं आहे. सप्लायच्या १६ नंबरच्या पायावर, म्हणजे रेलवर नाही तर आयसीच्या धातूच्या पायावरच, प्रोब टेकवला तर ५ व्होल्टच्या जागी आकडा चारेक व्होल्ट आणि जवळपास शून्य यांच्यात क्लॉकच्या तालावर हलत होता. पायाला सप्लाय पोचतच नव्हता, तरी आयसी चालत होती, कारण सीमॉसच्या इनपुट पिनला आतून सप्लायकडे जाणारा एक संरक्षक डायोड असतो. उनोची पिन ५ व्होल्टवर गेली की त्या डायोडमधून, त्याचा साधारण अर्धा-पाऊण व्होल्ट वजा होऊन, क्लॉकच्या वायरीतूनच आयसी जगत होती, आणि क्लॉक शून्य झाला की मरत होती. ४०१७ ला चालू होताना स्वतःहून पहिल्या घरावर यायची सोय नसते, ती कुठल्याही अवस्थेत उठते, म्हणून दर सेकंदाला वेगळा दिवा.

वायर तर लावलेली दिसत होती, मग सप्लाय कुठे अडला होता? पॉझिटिव्ह रेलच्या ज्या भोकात तो जंपर होता त्यात आधी १N४००७ डायोड खुपसलेला होता. ब्रेडबोर्डच्या आतल्या पत्र्याच्या चिमट्याला साधारण ०.६५ मिलिमीटरची एकेरी तार सोयीची पडते, डायोडचा पाय ०.८ च्या आसपास जाड, चिमटा एकदा फाकला की बारीक जंपर त्यात नुसता उभा राहतो. शेजारचं भोक वापरलं आणि प्रश्न मिटला. हेच लक्षण कायमचं दिसत असेल, टेबल हलवो न हलवो, तर रेलच्या मधोमध बघा, बऱ्याच मोठ्या ८३० भोकांच्या बोर्डांवर लाल-निळी रेघ मध्ये तुटलेली असते आणि तिथे आतला पत्राही तुटलेलाच असतो. आणि नवी आयसी बसवताना तिचे पाय बाहेर फाकलेले असतात, त्यातला एखादा भोकात न जाता पोटाखाली दुमडतो, वरून बघून कळत नाही, म्हणून मी तिरकं धरून दोन्ही बाजूंनी बघतो.

सैल कॉन्टॅक्ट शोधायची माझी पद्धत साधी आहे: सर्किट चालू ठेवायचं आणि वाळलेल्या लाकडी काडीने एकेक वायर हळूच ढकलायची, बोटाने नाही, बोट लावलं की लटकलेली पिनही बदलते आणि मग सैल काय आणि लटकलेलं काय ते कळत नाही. तयार जंपरचा संशय आला तर तो बीपवर लावून मुळाशी वाकवून बघायचा, आतली तार पिनच्या तोंडाशी तुटलेली असते आणि प्लास्टिक तिला धरून ठेवतं. असा जंपर कापूनच टाकावा, डब्यात परत गेला तर पुढच्या सर्किटात हमखास तोच हाताला येतो.

क्रम विचाराल तर आधी ग्राउंड, मग प्रत्येक आयसीच्या पायावरचा सप्लाय, मग इनपुट, कारण ग्राउंडच जोडलेलं नसेल तर पुढचं कुठलंही मोजमाप कशाच्या तुलनेत घेतलं हेच ठरत नाही. हे तिन्ही नीट असून बटण एकदा दाबल्यावर काउंटर दोन-तीन घरं पुढे जात असेल तर तो बटणाच्या पत्र्याचा थरथराट आहे, आणि मोटर किंवा रिले चालू होतानाच गडबड होत असेल तर सप्लाय क्षणभर खाली बसतोय, तिथे १६ आणि ८ च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघावा.