स्टोचं वय टाकीवर वाचा

पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी पंपाचा स्टो हमखास दिसतो आणि विकणारा तो 'इंग्रजांच्या काळातला' असल्याचं सांगतो. ते खरं आहे का, हे बर्नर बघून ठरवू नये, कारण स्टोत सगळ्यात आधी बाद होतो तो बर्नरच.

रॉकेल बर्नरच्या तापलेल्या नळ्यांतून जाताना त्याची वाफ होते आणि ती निपलच्या बारीक भोकातून जोरात सुटते. मोठ्या स्टोत हे भोक साधारण 0.32 मिलीमीटरचं असतं. वाफेचा झोत जाताजाता हवा ओढून घेतो, म्हणून ज्योत निळी येते. पिना मारून भोक मोठं झालं की वाफ जास्त आणि हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी पडतात. नळ्याही आतून कोळशाने बुजतात. मग लोक टाकी तीच ठेवून नवा बर्नर बसवत. आवाजी बर्नर म्हणजे जुना आणि बिनआवाजी म्हणजे नवा, हा समजही टिकत नाही. दोन्ही प्रकार कित्येक वर्षं बरोबरीने विकले गेले.

टाकी मात्र बदलत नाही. स्वीडनच्या प्रायमस कंपनीने 1911पासून टाकीवर वर्षाचं अक्षर ठोकायला सुरुवात केली. इंग्रजी ए म्हणजे 1911, बी म्हणजे 1912, सी म्हणजे 1913. समजा टाकीवर सी आहे आणि बर्नरवर भारतीय कारखान्याचा शिक्का. तर स्टो 1913चा, आणि बर्नर नंतरच्या दुरुस्तीत आलेला. चिंच लावून घासण्याआधी तळ बघा. बॅटरीचा उजेड बाजूने, अगदी तिरका पाडला की झिजलेलं अक्षरही सावलीमुळे उठून दिसतं.

प्रेशर कुकरलाही हाच न्याय लावायचा. शिट्टी, रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सतत बदलले जातात. पाणी आटलं की वाफेचा दाब न वाढताही कुकर भलताच तापतो, म्हणून बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. एकदा तो वितळला की व्हॉल्व्ह नवाच बसवावा लागतो, तेव्हा त्यावरून कुकरचं वय निघत नाही. भांड्यावर ठोकलेलं बघा. आयएसआयची खूण असेल तर कुकर 1952च्या प्रमाणन कायद्यानंतरचा, पण तेवढ्यावर थांबावं लागतं, कारण 1987मध्ये संस्थेचं नाव बदललं तरी खूण तीच राहिली. अशा वेळी कंपनीचं नाव जास्त उपयोगी पडतं. हॉकिन्सच्या कुकरवर बनवणाऱ्याचं नाव 'प्रेशर कुकर्स अँड अप्लायन्सेस' असं असेल, तर तो कंपनीने 1980च्या दशकात नाव बदललं त्याआधीचा. मूळ कंपनी 1959ची, म्हणजे जन्मकाळ साधारण पाव शतकाच्या पट्ट्यात येतो.